विमानतळावरची पाण्याची बाटली आणि तहान मारून बसणारे प्रवासी

डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत भारतीय वायुयान विधेयकावर चर्चा चालू असताना खासदार राघव चढ्ढा यांनी विमानतळावरच्या पाण्याच्या आणि चहाच्या किमतींचा विषय काढला. त्याच महिन्यात कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. तिथे पाण्याची बाटली १० रुपये, चहा १० रुपये, कॉफी २० रुपये आणि समोसा २० रुपये असे दर ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला दुसरा कॅफे उघडला, पुढे पुण्यासह आणखी काही विमानतळांवरही असे कॅफे आले. तक्रार मात्र त्याहून जुनी आहे. २०१८ साली माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी चेन्नई विमानतळावर चहाला १३५ आणि कॉफीला १८० रुपये सांगितल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं, तेव्हाही आठवडाभर चर्चा झाली आणि विरून गेली.

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सॅन होजेला, आणि साठी-सत्तरीचे आई-वडील वर्षाआड सहा महिन्यांसाठी तिकडे, हे चित्र आपल्या प्रत्येक कॉलनीत आहे. त्यांच्यासाठी प्रश्न फक्त पैशांचा नाही. महाग पाणी विकत घ्यायला मन होत नाही, आणि ‘विमानात सारखं उठावं लागेल’ या धास्तीने फुकटचंही प्यायलं जात नाही. दोन्ही मिळून माणूस तीस तास जवळजवळ कोरडाच राहतो.

किंमत एवढी का, ते आधी पाहू. आपल्याकडे विमानतळांच्या शुल्कावर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे ‘एरा’, २००८ च्या कायद्याने स्थापन झालेली. विमान उतरवण्याचं, उभं करण्याचं शुल्क, प्रवाशाकडून तिकिटातून घेतलं जाणारं शुल्क हे सगळं ती ठरवते. चहाचा स्टॉल, पुस्तकांचं दुकान, पार्किंग हे मात्र तिच्या दरनियंत्रणात येत नाही. दुकानदार विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला मोठं भाडं किंवा विक्रीतला ठरलेला वाटा देतो, आणि बहुतेक वेळा विक्री होवो न होवो, एक किमान रक्कम द्यावीच लागते. त्यात सामान आणि कर्मचारी रोज सुरक्षा तपासणीतून आत आणण्याचा खर्च वाढतो. हा सगळा बोजा कपात उतरतो. २०१६ च्या विमान वाहतूक धोरणानुसार दुकानांच्या उत्पन्नातला ३० टक्के हिस्सा विमानतळाचं शुल्क ठरवताना वजा धरला जातो. म्हणजे आपण महाग चहा पितो तेव्हा तिकिटातलं शुल्क किंचित हलकं होतं, असा त्याचा अर्थ. हिशेब म्हणून ठीक आहे, पण चहा पिणारा आणि सवलत मिळणारा एकच माणूस असेल असं थोडंच आहे!

रेल्वेचं याच्या उलट. तिथे ‘रेल नीर’ हा स्वतःचा ब्रँड आहे आणि भाव ठरलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्यावरचा जीएसटी घटला तेव्हा लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांवर आली आणि स्टेशनवर तेवढ्यालाच मिळू लागली. विमानतळावर अशी एक सर्वत्र लागू होणारी किंमत नाही. एखाद-दुसरा कॅफे उघडला म्हणजे दर उतरले असं होत नाही, बाकीच्या दुकानांचे करार तसेच राहतात. शिवाय कॅफे कुठे आहे यावर सगळं अवलंबून. सुरक्षा तपासणीच्या आधीच्या भागात असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवाशाला तिथली बाटली आत नेता येत नाही. चहा पिऊन, समोसा खाऊन पुढे जायचं, एवढाच त्याचा उपयोग.

कायदा आपल्या बाजूने किती आहे, हेही माहीत असावं. सीलबंद बाटलीवर जी एमआरपी छापली आहे तिच्याहून जास्त पैसे दुकानदार घेऊ शकत नाही, मग दुकान विमानतळावर असलं तरी. १ जानेवारी २०१८ पासून एकाच मालावर बाजारात एक आणि विमानतळासाठी दुसरी अशा दोन एमआरपी छापण्यालाही मनाई आहे. पण इथे दोन पळवाटा आहेत. पहिली म्हणजे कंपनी वेगळ्या मापाची किंवा ‘खास’ नावाची बाटली काढते, तिच्यावर मुळातच मोठी किंमत छापलेली असते, आणि ते नियमात बसतं. दुसरी म्हणजे टेबलावर बसवून वाढणारं रेस्टॉरंट. हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही दिली जाते, म्हणून तिथे एमआरपीहून जास्त आकारता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तेव्हा पाणी घ्यायचंच असेल तर काउंटरवरच्या दुकानातून घ्या, छापील किंमत वाचा, आणि बिल मागा. छापील किमतीवर पैसे लावले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल नसेल तर ती तक्रार टिकत नाही.

आता फुकटच्या पाण्याकडे वळू. आपल्या मोठ्या विमानतळांवर स्वच्छतागृहांच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. पाटी लहान असते आणि दुकानांच्या झगमगाटात ती दिसत नाही, म्हणून सापडत नसेल तर सफाई कर्मचाऱ्याला विचारावं, तो सर्वांत आधी सांगतो. काही ठिकाणी वाकून ओंजळीने प्यायचा कारंजा असतो, त्यातून उंच बाटली भरता येत नाही. रुंद तोंडाची, अर्ध्या ते पाऊण लिटरची, हलकी बाटली घेतली तर दोन्ही प्रकारच्या नळांखाली बसते. एक लिटरची स्टीलची बाटली भरल्यावर सव्वा किलोच्या पुढे जाते, आणि गेटपर्यंतच्या लांब चालीत खांदा ओढतो. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाने ऑगस्ट २०१९ पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांतून पाणी विकणंच बंद केलं आणि जागोजागी बाटली भरायचे नळ ठेवले. तिकडे परतीच्या वेळी रिकामी बाटली हातात असणं हीच रीत आहे.

रिकामी का, तर २००६ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातलं द्रव हातातल्या सामानात चालत नाही. नव्या स्कॅनरमुळे परदेशातल्या काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे, पण आपल्याकडून निघताना तो लागू आहे असंच धरून चालावं. मोजलं जातं ते भांडं, त्यातलं पाणी नव्हे. तळाशी दोन घोट उरलेली अर्धा लिटरची बाटलीही अडवतात. अगदी कोरडी बाटली मात्र आत जाते. इंदूर-दिल्लीसारख्या देशांतर्गत टप्प्यात भरलेली बाटली सहसा नेऊ देतात, आणि म्हणूनच दिल्लीत गोंधळ होतो. इंदूरला चाललेली बाटली दिल्लीत आंतरराष्ट्रीय तपासणीला पुन्हा ट्रेमध्ये येते, आणि रांगेत उभं राहून घाईघाईने अर्धा लिटर पाणी घशाखाली उतरवावं लागतं. ते रांगेत शिरण्याआधी निवांत संपवावं.

अमेरिकेला जाणाऱ्या विमानांची एक जादा पायरी आहे. गेटजवळ पुन्हा सामान तपासतात आणि तिथे आत भरलेली किंवा विकत घेतलेली बाटलीही ओतून टाकायला सांगू शकतात. म्हणून तिकडे जाणाऱ्याने आतल्या नळावर बाटली भरावी, गेटच्या बाहेर बसून सावकाश प्यावी, आणि गेटमध्ये शिरताना रिकामी करावी. विमानात बसल्यावर मागच्या पॅन्ट्रीत जाऊन ती कर्मचाऱ्यांकडून भरून घ्यावी, ते बाटलीबंद पाणी ओततात. विमानाच्या स्वच्छतागृहातल्या नळाचं पाणी पिण्यासाठी नसतं, गोळी घेण्यापुरतंही नाही.

पाणी किती प्यायचं, यात बराच गैरसमज आहे. विमानातली हवा कोरडी असते हे खरं. आर्द्रता साधारण १० ते २० टक्के, उन्हाळ्यातल्या इंदूरच्या दुपारइतकी. त्याने डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात, नाक कोरडं पडतं. पण त्या हवेमुळे शरीरातलं पाणी भसाभस आटतं हे खरं नाही. हवा पूर्ण कोरडी धरली तरी आठ तासांत नेहमीपेक्षा जेमतेम १०० मिलिलिटर पाणी जास्त जातं, असा जाणकारांचा हिशेब आहे. म्हणजे अर्धा कप! मग लोक उतरल्यावर गळून का गेलेले असतात? त्यातला झोपेचा आणि घड्याळाचा भाग सोडला, तर उरतं ते न प्यायलेलं पाणी.

एका जोडप्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. वडील ७२, आई ६८, दोघांना रक्तदाबाची गोळी. इंदूरच्या घरातून संध्याकाळी ५ ला निघाले, साडेसातचं विमान, ९ ला दिल्ली. पुढचं विमान पहाटे अडीचला. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, त्यामुळे दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमान कंपनीच्या उड्डाणांना वळसा पडला, काहींना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावं लागलं. तेव्हा सतरा तास धरू. तिकडचे सकाळचे १०. इमिग्रेशन, सामान, गाडी, मुलाच्या घरी पोचेपर्यंत दुपारचा १ वाजला. इंदूरच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात. घरातून निघून साडेएकोणतीस तास.

आता आईंचं पाणी मोजू. निघताना ‘नको, वाटेत अडचण होईल’ म्हणून घोटभर. इंदूरच्या विमानात एक कप. दिल्लीत बाटलीची किंमत वाचून परत ठेवली, एक चहा दोघांत. विमानात खिडकीची जागा, शेजारी झोपलेला माणूस, त्याला उठवायचं कसं म्हणून जेवणाबरोबरचं छोटं पाणी आणि गोळीपुरतं थोडं. सगळं मिळून लिटरभरही होत नाही. घरी असत्या तर एवढ्याच तासांत त्या चहा-ताक-आमटीसकट दीड-दोन लिटर सहज प्यायल्या असत्या. कमी पडलेलं पाणी हे असं आहे, आणि वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे ‘मला तहान नाहीच’ या वाक्यावर विसंबता येत नाही. विमानातून उतरताना उभं राहिल्यावर चक्कर येणं, गर्द पिवळी लघवी, चिकट कोरडं तोंड, डोकं दुखणं, या खुणा पाहाव्यात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर लघवी तशीही पिवळीजर्द होते, तेव्हा रंगावरून अंदाज करता येत नाही.

हेच जोडपं वेगळ्या पद्धतीने जाऊ शकतं. निघण्याआधी घरी एक पेला. दिल्लीच्या साडेपाच तासांत दोन-तीन पेले, एकदम नव्हे, तासाच्या अंतराने. विमानात जागं असताना दर तासाला अर्धा-पाऊण पेला, झोपेत काहीच नाही, झोपेतून उठवून पाणी पाजायची गरज नाही. एवढ्याने दोन लिटरच्या आसपास होतं. चहा-कॉफी यात मोजायला हरकत नाही, रोजच्या सवयीचा चहा घेतल्यापेक्षा जास्त पाणी शरीरातून काढत नाही, फक्त झोप उडवतो. दारूचं तसं नाही, ती खरोखर पाणी बाहेर काढते. जागा निवडताना आईंना खिडकी नको, कडेची द्यावी. तिकीट काढणाऱ्या मुलांनी ही एक गोष्ट केली तर पाण्याचा निम्मा प्रश्न सुटतो. विमान उडण्यापूर्वी अर्धा तास स्वच्छतागृहात जाऊन यावं, आणि आत जेवणाच्या ट्रॉल्या निघण्याच्या आधी, कारण त्या मध्ये आल्या की अर्धा-पाऊण तास वाट अडते.

पायात रक्ताची गुठळी होण्याबद्दलही लोक घाबरून विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका दुपटीच्या आसपास वाढतो असं दिसलं, तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच येतो. मुख्य कारण तासन् तास न हलता बसणं. नुसतं पाणी प्यायल्याने गुठळी टळते असं सिद्ध झालेलं नाही. पण पाणी प्यायलेला माणूस दोन-तीन तासांनी उठतो, चालतो, आणि पायांना हवं असतं ते तेच. ज्या उठण्याला आपण भितो तोच इथे उपाय ठरतो, ही गंमतच.

ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांना वरचा हिशेब लागू नाही. त्यांनी आपली मर्यादाच पाळावी. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची, आणि घड्याळ साडेनऊ तास मागे गेल्यावर इन्सुलिनची वेळ कशी बदलायची, हे निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं. गोळी मनानेच बंद करणारे बरेच आहेत, त्यांना रक्तदाबाचा त्रास विमानात होतो.

थकवा आला की दुकानातल्या फ्रीजमधून ‘ताकद देणारं’ रंगीत पेय उचललं जातं. या पेयांच्या नावात ओआरएस हे शब्द बिनदिक्कत वापरले जात होते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढत होत्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ते शब्द वापरायला मनाई केली. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, या गोड पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. मधुमेहींनी बाटलीमागचा तक्ता वाचल्याशिवाय ती घेऊ नयेत. आणि जुलाब-उलटी नसेल तर विमानप्रवासात खऱ्या ओआरएसचीही गरज नसते, रक्तदाब असलेल्याला ते नको असलेलं मीठच आहे. पण पाकीट बॅगेत असू द्यावं.

खाण्याबद्दल थोडक्यात. कोरडं खाणं तपासणीतून जातं, द्रव आणि लगदा अडतो. दशमी, गूळपोळी, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू हे चालतं. दही, श्रीखंड, पातळ तूप, तेलातलं लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नये. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते आणि दिवसभर टिकते. भात, साबुदाणा खिचडी, ओल्या नारळाचं काही डब्यात नको. शिजवलेला भात उबदार डब्यात चार-सहा तास राहिला की त्यातले जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. सेव, छोले, कोबी, सोडा हे निघण्याच्या दिवशी कमी करावं. विमानातला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, तिथे पोटातला वायू जवळजवळ पाव ते तिसऱ्या हिश्शाने फुगतो. इंदूरहून निघताना शेवटची प्लेट पोहे-जलेबीची खाण्याचा मोह कोणाला होत नाही, पण वर मूठभर सेव नको. अमेरिकेत उतरण्याआधी फळं संपवावीत. विमानात मिळालेलं सफरचंदही बाहेर नेलं तर दंड होऊ शकतो, आणि उरलेला खाऊ जाहीर करावा.

उशीर झाला तर खर्च आपणच करायचा, असं बहुतेक जण धरून चालतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा विमानतळांवर अडकलेली माणसं काउंटरवर बिलं चुकवत उभी होती. डीजीसीएच्या नियमानुसार वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला ठरावीक उशिरानंतर जेवण-अल्पोपाहार देणं विमान कंपनीवर बंधनकारक आहे. उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांनंतर, आणि त्याहून लांबचं असेल तर चार तासांनंतर. इंदूर-दिल्ली पहिल्या गटात येतं. कंपनी बहुधा कूपन देते, पण स्वतःहून आसनापाशी आणून देत नाही. गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे बोर्डिंग पास दाखवून मागावं लागतं, आणि कूपन कोणत्या दुकानात चालतं हेही तिथेच विचारून घ्यावं.